मदत हवी आहे: साइन-कोसाइन मालिका बसवताना सहगुणक हजारांत येतात

गरुडनिरीक्षक: गरुड तारकासमूहातल्या ईटा अक्विलीचा तेजोवक्र काढतोय. निरीक्षणांतलं अंतर समान नाही, म्हणून एफएफटी न वापरता लीस्ट स्क्वेअर्सने पाच हार्मोनिक बसवले:

```
cols = [np.ones_like(t)]
for k in range(1, 6):
    cols += [np.cos(2*np.pi*k*t/P), np.sin(2*np.pi*k*t/P)]
A = np.column_stack(cols)
c, res, rank, s = np.linalg.lstsq(A, m, rcond=None)
```

बिंदूंवरून वक्र छान जातो, चूक ०.०५ प्रतीच्या आत. पण सहगुणक हजारांत! तारा फक्त ३.५ ते ४.४ प्रतीत बदलतो. कोड शंभरदा तपासलाय. लवकर सांगा, रविवारी मंडळात दाखवायचंय.

खाडीकिनारा: t मध्ये ज्युलियन दिनांक आहे ना? २४ लाखांचा आकडा साइनमध्ये टाकला तर अचूकता जाते. आधी पहिली तारीख वजा करा.

मापनवेडा: वजा करायला हरकत नाही, पण दुखणं ते नाही. डबल प्रिसिजनमध्ये इतक्या मोठ्या आकड्यालाही दिवसाच्या अब्जांशापर्यंतची अचूकता मिळते. P किती घेतलात? एकूण बिंदू किती, आणि कोणकोणत्या रात्रींचे?

गरुडनिरीक्षक: P = ७.१७६६ दिवस. १६ बिंदू आहेत, अज्ञातं ११, म्हणजे पुरेसे आहेत.

सह्याद्री_रात्र: शहराच्या उजेडातून बघता का? आमच्या गावाजवळच्या टेकडीवरून आकाशगंगा दिसते. दुर्बीण घ्यायची असेल तर आठ इंची डॉब घ्या.

मापनवेडा: रात्री कोणत्या ते राहिलंच.

गरुडनिरीक्षक: शुक्रवार आणि शनिवार. गावी जातो तेव्हाच आकाश मिळतं. पाऊस संपल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमधले सलग आठ आठवडे, एकही चुकवला नाही.

मापनवेडा: मग घोळ इथेच आहे. आवर्तनकाल सात दिवसांहून थोडासाच जास्त, आणि तुम्ही दर सात दिवसांनी बघता. दर शुक्रवारी तारा जवळपास त्याच फेजला भेटतो, फक्त ०.०२५ ने मागे सरकलेला. आठ आठवड्यांत सरकला ०.१७. शनिवारचा पट्टा ०.१४ पुढे. दोन्ही मिळून चक्राचा ०.३१ भाग झाला, उरलेल्या जवळजवळ ७० टक्क्यांत एकही बिंदू नाही. एवढ्याशा तुकड्यावर पाच हार्मोनिकचे स्तंभ एकमेकांसारखेच दिसतात. मोठा धन आणि मोठा ऋण सहगुणक तिथे एकमेकांना खोडतात, आणि रिकाम्या भागात वक्र उधळतो. `s[0]/s[-1]` छापून बघा, आणि फेज ० ते १ पर्यंत वक्र काढा.

गरुडनिरीक्षक: गुणोत्तर लाखांत आलं. वक्र तर मधे कुठच्या कुठे गेलाय. दोनच हार्मोनिक ठेवले तरी रिकाम्या जागी तारा आठव्या प्रतीपर्यंत जातो.

सरासरी_सरदार: एवढी उठाठेव कशाला? सरळ `2*np.mean(m*np.cos(2*np.pi*k*t/P))` घ्या, तेच फूरियेचं सूत्र. मी घरच्या वीजवापरावर नेहमी हेच करतो.

मापनवेडा: तुमची नोंद दर तासाची, समान अंतराची असेल, म्हणून चालतं. इथे साइन आणि कोसाइन एकमेकांपासून सुटे राहतच नाहीत. साधी सरासरीसुद्धा मधली पातळी देत नाही, त्या ०.३१ भागात तारा मंद असेल तर अख्खा वक्रच खाली बसतो.

खाडीकिनारा: मग रिज लावा. सहगुणकांच्या वर्गांवर दंड, वरच्या हार्मोनिकला जास्त. भरती-ओहोटीच्या नोंदींत मी हेच करतो, वक्र लगेच शहाण्यासारखा वागतो.

मापनवेडा: वागतो, पण रिकाम्या भागातला आकार दंडातून आलेला असतो, ताऱ्याकडून नाही. एक शनिवार-रविवार गाळून पुन्हा बसवा.

गरुडनिरीक्षक: मी शनिवार-रविवार बघत नाही, शुक्रवार-शनिवार.

मापनवेडा: बरं, शुक्रवार-शनिवार. दंड हलका असेल तर वक्र हलेल, जड असेल तर काहीच हलणार नाही आणि ते जास्त फसवं.

खाडीकिनारा: हे मला पटत नाही. थोडी पूर्वमाहिती घालणं म्हणजे फसवणूक नव्हे. या ताऱ्यांचं तेज झपाट्याने वाढतं आणि सावकाश उतरतं हे माहीतच आहे की.

मापनवेडा: मग ती माहिती घाला, साधा दंड ती सांगत नाही. त्यापेक्षा सलग सात रात्री बघा, घराच्या गच्चीवरूनही चालेल, तारा नुसत्या डोळ्यांनी दिसतो. सात बिंदू ०.१४ अंतराने अख्ख्या चक्रावर पसरतात. दोन हार्मोनिकना ते आठ आठवड्यांपेक्षा जास्त उपयोगाचे. आणि हो, तेव्हा सरदारांचं सरासरीचं सूत्रही जवळपास बरोबर येईल.

गरुडनिरीक्षक: रविवारपर्यंत सात रात्री कुठून आणू? AAVSO वरून इतरांचे अंदाज घेतले तर?

मापनवेडा: घ्या, फक्त तुमच्याच महिन्यांतले. प्रत्येकाचा डोळा थोडा वेगळा, म्हणून प्रत्येक निरीक्षकासाठी वेगळा स्थिरांक, म्हणजे सगळ्यांसाठी असलेल्या एकांच्या स्तंभाऐवजी माणशी एकेक स्तंभ. नाहीतर डोळ्यांतला फरक ताऱ्याचा बदल म्हणून बसेल. ज्यांचे दोन-तीनच अंदाज आहेत त्यांना वगळा.

गरुडनिरीक्षक: आणि उतारावरचा तो छोटा फुगवटा? तो दिसायला किती हार्मोनिक लागतील?

खाडीकिनारा: चार तरी.

मापनवेडा: डोळ्यांच्या अंदाजांत ०.१ ची चूक धरली तर चारही डळमळतील. आधी मोकळी फेज भरू द्या, मग एकेक वाढवून बघा.

सह्याद्री_रात्र: डॉबबद्दल कुणीच बोललं नाही.