बँकेतून पैसे गेले, वॉलेटमध्ये पोहोचले नाहीत (नेरूळच्या आमच्या सोसायटी ग्रुपवरची एक रात्र)

जोशीकाका, बी-७०३ (रात्री ९.२४)
नमस्कार मंडळी. उद्या पहाटे पुण्याला निघायचंय. फास्टॅग ज्या वॉलेटला जोडलाय त्यात नेटबँकिंगने २,००० टाकले. बँकेचा मेसेज आला, पैसे गेले. वॉलेटमध्ये मात्र शिल्लक ११० च दिसतेय आणि खाली Pending लिहिलंय. परत भरू का?

पाटील, ए-५०१
काका, परत भरा. सकाळी टोलवर अडकाल.

सावंतताई, ए-२०४
थांबा थांबा, काका. परत भरू नका. पैसे भरताना नेमकं काय झालं ते आधी सांगा. OTP टाकल्यावर काय दिसलं?

जोशीकाका, बी-७०३
OTP टाकला. गोल फिरायला लागलं. मी म्हटलं पैसे खरंच गेले का बघू, म्हणून मेसेज उघडला. परत आलो तर ॲप पहिल्यापासून सुरू झालं. फोन जुना आहे माझा, दोन गोष्टी एकदम उघडल्या की पहिली बंद पडते.

सावंतताई, ए-२०४
मग गोंधळ तिथेच झालाय. वॉलेट आणि बँक यांना जोडणाऱ्या पेमेंट गेटवे कंपनीत मी हिशेब जुळवणीचं काम करते, अशी प्रकरणं रोज हाताखालून जातात. काका, पैसे कुठे गेलेले नाहीत. सविस्तर लिहिते, इतरांनाही कामाला येईल.

तुम्ही वॉलेटमध्ये २,००० टाकून नेटबँकिंग आणि बँक निवडलीत, तेव्हा वॉलेटच्या सर्व्हरवर एक ऑर्डर तयार झाली. ऑर्डर नंबर, रक्कम, स्थिती “सुरू”. अजून पैसा हललेला नाही. वॉलेटने ती ऑर्डर गेटवेकडे दिली. गेटवेने त्यावर स्वतःचा व्यवहार क्रमांक लावला आणि तुमच्या फोनला तुमच्या बँकेच्या पानाकडे पाठवलं. स्क्रीन क्षणभर पांढरी होते आणि “आपल्याला बँकेच्या साइटवर नेत आहोत” असं दिसतं, तेच हे. सोबत रक्कम, क्रमांक आणि काम झाल्यावर फोन परत कुठे पाठवायचा तो पत्ता गेला. या सगळ्यावर गेटवेची एक सांकेतिक सही असते. मध्येच कोणी २,००० चे २० केले, तर सही जुळत नाही आणि बँक व्यवहार नाकारते.

देशपांडेकाकू, सी-१०२
अगं पण बँकेच्या पानावर पैसे कुणाला जाणार तिथे वॉलेटचं नावच नसतं. भलतंच नाव असतं. मी तर घाबरून बंद केलं होतं एकदा.

सावंतताई, ए-२०४
बरोबर आहे काकू. तिथे बऱ्याचदा गेटवेचं नाव असतं, कारण बँकेचा करार त्याच्याशी असतो. नावापेक्षा रक्कम बघा आणि पत्त्याची पट्टी बघा. पट्टीचं नंतर लिहिते, आधी काकांचं संपवते.

बँकेच्या पानावर तुम्ही लॉगिन केलंत, खातं निवडलंत, OTP दिलात. बँकेने त्याच क्षणी २,००० वजा केले आणि मेसेज पाठवला. तो मेसेज फक्त एवढंच सांगतो की बँकेने पैसे काढले. वॉलेटला ते अजून माहीत नाही!

आता बँकेने गेटवेला कळवायचंय, “पैसे मिळाले”. हा निरोप बऱ्याचदा तुमच्याच फोनमधून जातो. शाळेत बाई पालकांसाठी चिठ्ठी बंद पाकिटात घालून मुलाच्याच हाती द्यायच्या, तसं. बँक तुमच्या फोनच्या हाती सहीबंद उत्तर देते (झालं की नाही, बँकेचा संदर्भ क्रमांक काय) आणि फोनला गेटवेकडे परत पाठवते. “बॅक दाबू नका, रिफ्रेश करू नका” असं लिहितात ते याच दहा-पंधरा सेकंदांसाठी. तुमच्या फोनने तेवढ्यात ॲप बंद केलं, त्यामुळे चिठ्ठी वाटेत राहिली.

पाटील, ए-५०१
म्हणजे पानावर success लिहून पाठवलं की वॉलेट भरतं? मग कोणीही पत्त्यात success टाइप करेल की 😄

सावंतताई, ए-२०४
करून बघणारे असतात. सही जुळत नाही, त्यामुळे गेटवे ते उत्तर फेकून देतो. शिवाय चिठ्ठी नीट पोहोचली तरी गेटवे बँकेच्या सर्व्हरला थेट पुन्हा विचारतो, “या क्रमांकाचे २,००० खरंच घेतले का?” या विचारण्यात तुमचा फोन लागत नाही. काकांना आता याचाच उपयोग आहे. चिठ्ठी हरवली की गेटवे थोड्या थोड्या वेळाने बँकेला विचारत राहतो. बँकेकडून होकार आला की Pending चं Success होतं आणि वॉलेट भरतं. साधारण अर्ध्या-पाऊण तासात व्हायला हवं, बँकेच्या सर्व्हरवर ताण असला तर जास्त. तिथेही नाहीच जुळलं, तर दुसऱ्या दिवशी बँकेची यादी आणि आमची यादी समोरासमोर लावतात. त्यात सुटलेले व्यवहार सापडतात.

सेक्रेटरी
मध्येच सांगतो, उद्या ११ ते १ टाकी धुणार आहेत. पाणी भरून ठेवा. चालू द्या.

जोशीकाका, बी-७०३
परत का नको भरू ते नाही कळलं. गेले तर परत मिळतीलच ना?

सावंतताई, ए-२०४
परत भरलंत की ती वेगळी ऑर्डर होते. पहिलीला उशिरा होकार आला तर दोन्ही जमा होतात आणि वॉलेटमध्ये ४,००० अडकून बसतात. वॉलेटमधल्या पैशावर व्याजही मिळत नाही. उद्याच्या एक्सप्रेसवेला कारचा टोल एका बाजूचा ३२० आहे. निघायच्या वेळेपर्यंत पैसे आले नाहीत तर UPI ने फक्त ४०० टाका आणि निघा. बाकीचं पुण्यात बसून बघता येईल.

UPI मध्ये हा बँकेच्या पानावर जाण्याचा फेरा नाही. तुम्ही UPI ॲपमध्ये पिन टाकता आणि दोन्हीकडच्या बँकांना उत्तर UPI चालवणाऱ्या NPCI च्या यंत्रणेतून जातं. तिथेही गोष्टी लटकतात, पण तुमचा फोन बंद पडला म्हणून नाही.

कुलकर्णी, बी-३०४
माझं गेल्या वर्षी Pending नव्हतं, Failed आलं होतं. पण पैसे कापले गेले होते. त्याचं काय?

सावंतताई, ए-२०४
ते वेगळं, आणि हा फरक लक्षात ठेवा. Pending म्हणजे अजून विचारणा चालू आहे. Failed म्हणजे वॉलेटने ती ऑर्डर बंद केली. बंद झाल्यावर बँकेचा होकार आला तर पैसे वॉलेटमध्ये येतील असं धरू नका. ते सहसा ज्या खात्यातून गेले त्याच खात्यात परत येतात. तुम्ही वॉलेट बघत बसला असाल आणि पैसे बँकेत येऊन पडले असतील.

कुलकर्णी, बी-३०४
अगदी तसंच झालं होतं 😅 आठवडाभर वॉलेटवाल्यांशी भांडलो.

सावंतताई, ए-२०४
डेबिट कार्डाने भरताना असं झालं तर रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. पैसे कापले पण समोरच्या साइटला खात्री मिळाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसापासून ५ दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही न मागता.

निकम, सी-६०३
माझं तर बँकेपर्यंत जातच नाही. ५,००० टाकले की ॲपच नाही म्हणतं.

सावंतताई, ए-२०४
बँकेचं पान उघडायच्या आधीच अडलं, तर बँकेचा काही संबंध नाही. पूर्ण KYC केलंय का? नसेल तर महिन्याला एकूण १०,००० च भरता येतात. खर्च करून शिल्लक कमी झाली तरी त्या महिन्यात भरलेली रक्कम मोजलेलीच राहते. पूर्ण KYC झालं की शिल्लक २ लाखांपर्यंत ठेवता येते.

देशपांडेकाकू, सी-१०२
पट्टीचं सांग ना आता.

सावंतताई, ए-२०४
हो काकू. पासवर्ड टाकण्याआधी वरच्या पट्टीत पत्ता वाचायचा. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत `.bank.in` वर यायला सांगितलं होतं. त्यामुळे आता बँकेच्या साइटचं नाव `.bank.in` ने संपतं. “संपतं” म्हणजे काय ते महत्त्वाचं. `https://` नंतर पहिली तिरकी रेघ शोधा आणि तिच्या लगेच आधी काय आहे ते बघा.

```
https://netbanking.amchi.bank.in/login
https://amchi.bank.in.verify-kyc.xyz/login
```

`amchi` हे उदाहरणापुरतं आहे. पहिलं ठीक. दुसऱ्यातही `bank.in` दिसतंय, पण रेघेआधी `verify-kyc.xyz` आहे, म्हणजे साइट त्यांची. कुलुपाच्या चिन्हावर भरवसा ठेवू नका, ते चोराच्या साइटलाही मिळतं. काही ॲपमध्ये ही पट्टी दिसतच नाही. तेव्हा मी नेटबँकिंगने भरतच नाही, UPI ने भरते. फोनने पासवर्ड साठवलेला असेल आणि तो नेहमीसारखा आपोआप आला नाही, तरी थांबा. पत्ता ओळखीचा नसेल तर फोन तो भरत नाही.

पाटील, ए-५०१
काका, वॉलेटचा कस्टमर केअर नंबर गूगलवर मिळेल, फोन करून बघा.

सावंतताई, ए-२०४
नको!! “पैसे अडकलेत” म्हणून शोधणाऱ्यांसाठीच खोटे नंबर पेरलेले असतात. पैसे परत देतो म्हणतात आणि एखादं ॲप टाकायला लावतात नाहीतर UPI पिन मागतात. पैसे यायला पिन कधीच लागत नाही. तक्रार ॲपमधल्या त्याच ऑर्डरवर जाऊन करा आणि बँकेच्या स्टेटमेंटमधला संदर्भ क्रमांक द्या. त्या क्रमांकावरून आम्हाला व्यवहार सापडतो. मेसेजचा स्क्रीनशॉट दिला तरी शेवटी आम्ही त्यातला क्रमांकच शोधतो. आणि कोणी फसलंच तर ताबडतोब १९३०. वॉलेटवाल्यांनी किंवा बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही, तर `cms.rbi.org.in` वर लोकपालांकडे जाता येतं.

जोशीकाका, बी-७०३ (रात्री १०.०९)
आले! शिल्लक २,११०. मी काहीच केलं नाही, नुसतं बघत होतो. खाली वेळ ९.१९ चीच आहे.

सावंतताई, ए-२०४
ती ऑर्डर सुरू झाल्याची वेळ. आता टॅगच्या ॲपमध्ये टॅग चालू आहे ना ते बघून घ्या. काळ्या यादीत दिसत असेल तर पैसे भरल्यावर यादीतून निघायलाही थोडा वेळ लागतो.

जोशीकाका, बी-७०३
Active आहे. पाचला निघतो. पाणी सौ. भरून ठेवतील.

सेक्रेटरी
काका, गाडी निघाल्यावर तुमच्या जागी उद्या टँकर लावू का?