फ्लूनंतर मायोकार्डायटिस: इको नॉर्मल आला, मग पळायला हरकत काय?

माधवी: मायोकार्डायटिस म्हणजे हृदयाच्या स्नायूला आलेली सूज. बोलताना ही केस समोर ठेवू. सव्विशीतला धावपटू, तीन दिवस ताप आणि अंगदुखी. दहाव्या दिवशी छातीत दुखू लागलं. आडवं पडलं की वाढायचं, पुढे वाकून बसलं की कमी व्हायचं. ईसीजी बिघडलेला, हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं ट्रोपोनिन वाढलेलं, पण अँजिओग्राफीत रक्तवाहिन्या मोकळ्या. एमआरआयमध्ये डाव्या कप्प्याच्या भिंतीत बाहेरच्या बाजूला सूज आणि डाग दिसले. आता पाच आठवडे झालेत, इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी नॉर्मल आहे आणि त्याला पळायचंय.

सुहास: इको नॉर्मल म्हणजे हृदय बरं झालं. हळूहळू जॉगिंग सुरू करायला काय हरकत आहे?

माधवी: पंपिंग सुधारलंय एवढं खरं. पण इकोत आकुंचन दिसतं, भिंतीतले छोटे डाग बहुधा दिसत नाहीत. सुजलेल्या किंवा डाग पडलेल्या भागातून विजेची लहर अडखळत, उशिरा जाते. तिथेच ती गोल फिरू लागली की खालच्या कप्प्याचे ठोके बेफाम सुटतात. जोरात पळताना ॲड्रेनलिन वाढतं आणि हे घडायला निमित्त मिळतं. शिवाय कॉक्सॅकी विषाणू टोचलेल्या उंदरांना जबरदस्तीने पोहायला लावलं, तेव्हा हृदयात विषाणू जास्त वाढला आणि जास्त उंदीर मेले. माणसावर असा प्रयोग करणं शक्यच नाही, पण सावधगिरीचं एक मूळ तिथे आहे.

कविता: माझ्या अँजिओप्लास्टीनंतर तर डॉक्टरांनी लगेच चालायला लावलं होतं! इतकं जपायचं कशाला?

प्रसाद: कविताताई, तुमचा अडथळा रक्तवाहिनीत होता, तो उघडला. इथे स्नायूच सुजलाय. आणि घरात, सपाटीवर सावकाश चालणं बहुतेकांना बंद नसतंच. बंद असतं ते धाप लागेल असं: पळणं, जिम, फुटबॉल, स्पर्धा. आणखी एक, दुखतंय म्हणून आयबुप्रोफेन स्वतःच्या मनाने घेऊ नका. नुसत्या हृदयाच्या बाहेरच्या आवरणाच्या सुजेत ते देतात, स्नायू सुजलेला असताना टाळायचा कल आहे.

सुहास: बरं, मग थांबायचं किती?

माधवी: वर्षानुवर्षं ३ ते ६ महिने सांगत आले. २०२५च्या युरोपीय सूचनांत किमान १ महिना आणि पुढचं रुग्ण बघून, असं आहे. या मुलाला एमआरआयवर डाग आहे, म्हणून मी १ महिन्यावर सोडणार नाही. आधी ट्रोपोनिन नॉर्मल हवं, होल्टर म्हणजे अंगावर लावून ठोके नोंदवणारं यंत्र, त्याच्या २४ तासांच्या नोंदीत गंभीर अनियमितता नको, ट्रेडमिलवर दमेपर्यंत चालवून ठोके नीट राहिले पाहिजेत. डाग तसाच राहिला तर काय, यावर डॉक्टरांचंही एकमत नाही.

प्रसाद: होल्टर लावून दिवसभर पलंगावर पडून राहतात, ते नको. परवानगी आहे तेवढी रोजची हालचाल करा आणि धडधड झाली की वेळ डायरीत लिहा. रेकॉर्डिंगशी ती वेळ जुळवून बघता येते. श्रमात चक्कर येऊन पडलं, तर मात्र होल्टरची वाट बघायची नाही, थेट इमर्जन्सी गाठायची.