प्रति: आडनावाचा रकाना

>‘एस. कार्तिक’मधला ‘एस’ आडनावात टाकला की झालं.

पासपोर्टला नाही चालत, तिथे आद्याक्षर उलगडून लिहावं लागतं. तमिळनाडूत हा ‘एस’ बहुधा वडिलांचा, समजा सुब्रमण्यम. मग ‘कार्तिक’ नाव आणि ‘सुब्रमण्यम’ आडनाव, हे सगळ्यात सुटसुटीत. वडिलांना आयुष्यभर आडनाव नव्हतं, ते मुलाच्या कागदावर आडनाव होऊन बसतात, पण इलाज नाही!

आमच्या चेन्नईच्या सहकाऱ्याने आडनाव कोरंच ठेवलं. पासपोर्ट मिळाला, कारण तिथे तो रकाना सक्तीचा नाही. अमेरिकी व्हिसाच्या DS-160 अर्जात मात्र आडनाव लागतंच. अशा वेळी पासपोर्टवरचं नाव आडनावात जातं आणि नावाच्या जागी FNU, म्हणजे ‘फर्स्ट नेम अननोन’, नाव माहीत नाही. व्हिसावर तेच छापून येतं, आणि तिकडे पुढच्या कागदांवरही हा ‘एफएनयू’ चिकटतो.