मदत हवी आहे: पार्टनरला सेशन कमी करत असल्याचं लेखी कळवायचंय, पेशंट कसे सोपवू?

संध्याकाळची ओपीडी

नमस्कार. मी फिजिशियन आहे. एका डॉक्टर मित्राबरोबर भागीदारीत क्लिनिक चालवते. सकाळी तो बसतो, संध्याकाळी मी, सोमवार ते शनिवार. आता मला फक्त सोमवार, बुधवार आणि शुक्रवार जमणार आहे. कारण घरचं आहे आणि ते बदलणारं नाही. क्लिनिक सोडायचं नाहीये.

तोंडी बोलून झालंय. तो "बघू गं, जमवू" म्हणाला, म्हणजे त्याने ते मनावर घेतलेलं नाही. म्हणून लेखी द्यायचंय. कच्चा मजकूर असा आहे:

"लवकरच मला माझे सेशन कमी करावे लागतील. माझे नेहमीचे पेशंट शक्य तितके तू बघावेस ही विनंती. काही अडलं तर मी फोनवर आहेच."

वाचताना मलाच पोकळ वाटतंय, पण नेमकं काय कमी आहे ते उमगत नाही. किती आधी द्यावं? बीपी-शुगरचे जुने पेशंट आहेत, काही गुंतागुंतीचे आहेत, त्या सगळ्यांचं काय करायचं? आणि पेशंटना आधी सांगायचं की पार्टनरचं उत्तर आल्यावर?

करारनामा काका

ताई, आधी भागीदारीचा करार काढा आणि नोटिशीचं कलम वाचा. बहुतेक करारांत निवृत्त होणाऱ्या भागीदाराची मुदत लिहिलेली असते, कामाचे तास कमी करण्याबद्दल काहीच नसतं. तसं असेल तर तुमचं पत्र म्हणजे नोटीस नव्हे, करारात बदल करण्याचा प्रस्ताव आहे. दोघांच्या सह्या लागतील. "लवकरच" हा शब्द काढा, तारीख घाला. पोच घ्या. मुदत संपली की तुमची जबाबदारी संपली, मग पेशंट कुणी बघायचे तो त्यांचा प्रश्न.

केसपेपर

काकांचं पहिलं सगळं बरोबर, शेवटचं वाक्य चुकीचं. करारातली जबाबदारी तारखेला संपत असेल, पेशंटची तशी संपत नाही. तुम्ही शुक्रवारी लिहून दिलेल्या तपासणीचा रिपोर्ट मंगळवारी आला, तर तो बघणं तुमच्याकडेच आहे. पार्टनरने "हो, हा मी घेतला" असं म्हटल्यावरच तो त्याचा होतो.

डॉक्टर, तुमच्या मजकुराबद्दल. "शक्य तितके तू बघावेस" ही विनंती आहे, सोपवणं नाही. कोणते पेशंट, कशासाठी, कधीपासून, यातलं त्याला काहीच कळत नाही. तो चांगल्या मनाने हो म्हणेल आणि पुढे काय व्हायचं ते होईल.

माझा अनुभव असा, की क्लिनिकचे बहुतेक पेशंट सोपवावे लागतच नाहीत. सर्दी-तापाचा पेशंट मंगळवारी आला तर जो बसला असेल तो बघेल. स्थिर बीपीचा पेशंट तुमच्या सोमवारी-बुधवारी येईल. खरं काम थोड्यांचं असतं: ज्यांचं काहीतरी अर्धवट आहे आणि ज्यांच्या उपचारात एखादी गोष्ट तुमच्या डोक्यात आहे, कागदावर नाही. त्यांना शोधून काढा.

एक उदाहरण सविस्तर देतो. समजा तुमच्याकडे एक बाई आहेत, मायट्रल व्हॉल्व्ह बदललेला, धातूचा. रक्त पातळ ठेवणारी वॉर्फरिन चालू. तुम्ही त्यांचा आयएनआर, म्हणजे रक्त किती सावकाश गोठतं तो आकडा, अडीच ते साडेतीनमध्ये ठेवता. तुम्हाला ते इतकं पाठ आहे की केसपेपरवर फक्त "आयएनआर ३.२, डोस तोच" एवढंच लिहिलंय. तुम्ही नसताना त्या येतात, आयएनआर ३.३. पार्टनरच्या डोक्यात नेहमीचं दोन ते तीन, कारण त्याच्याकडचे बहुतेक वॉर्फरिनवाले हृदयाचे ठोके अनियमित असलेले. तो डोस कमी करतो. पुढच्या वेळी २.१ येतो आणि त्याला समाधान वाटतं. इकडे व्हॉल्व्हवर गुठळी होण्याचा धोका वाढलाय. तपासणी वेळेवर, आकडाही बरोबर, फक्त तो कोणत्या आकड्याशी ताडायचा हे सोपवताना सुटलं.

यापुढचा धोका म्हणजे "इतक्यांदा रक्त काढायला नको" म्हणून कुणीतरी चांगल्या हेतूने त्यांना रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्यांवर नेणं. धातूच्या व्हॉल्व्हला त्या चालत नाहीत. त्यातल्याच डॅबिगॅट्रानची त्यासाठी झालेली चाचणी गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढले म्हणून मध्येच थांबवावी लागली होती. त्यामुळे या बाईंच्या कागदाच्या डोक्यावर चार गोष्टी हव्यात: व्हॉल्व्ह कोणता, आयएनआर किती ते किती, सध्याचा आठवड्याचा एकूण डोस, आणि नवी गोळी का नाही. शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची आणि तीच कुणी लिहीत नाही. काय चालू आहे ते प्रिस्क्रिप्शनवर दिसतं, काय मुद्दाम केलेलं नाही ते कुठेच दिसत नाही.

रांगेतली

माझे डॉक्टर असेच न सांगता बंद झाले. नव्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या पुन्हा करायला लावल्या. आम्हाला डॉक्टर बदलायचा हक्क असतो ना? जुनी फाइल मागितली तर देतात का?

संध्याकाळची ओपीडी

@रांगेतली, हो, डॉक्टर तुम्ही निवडायचा. नोंदींची प्रत मागा, संकोच करू नका. तुमच्यामुळे एक लक्षात आलं, मी "माझे पेशंट तुला देते" असं लिहितेय, पण त्यांना कुणी विचारलंय? काहीजण माझ्या तीन दिवसांत येतील, काही दुसरीकडेच जातील.

@केसपेपर, व्हॉल्व्हचं उदाहरण वाचून लगेच फाइली काढल्या. माझेही तसेच आहेत, "डोस तोच". असे पेशंट शोधायचे कसे? क्लिनिकचं सॉफ्टवेअर फक्त नावाने शोधतं.

केसपेपर

आजाराच्या नावाने शोधू नका, औषधाने शोधा. रक्त तपासल्याशिवाय पुढची चिठ्ठी देता येत नाही अशी औषधं मोजकी आहेत: वॉर्फरिन, मेथोट्रेक्सेट, लिथियम, कार्बिमाझोल, अमिओडॅरोन. जवळच्या औषधवाल्याला विचारलंत तर तोही ती नेणाऱ्या अर्ध्या पेशंटची नावं तोंडपाठ सांगेल. मेथोट्रेक्सेट असेल तर वार लिहा, "दर रविवारी" असा. आठवड्याची गोळी रोज घेतली गेली तर जीव जाऊ शकतो, आणि लिहून देणारा हात बदलतो तेव्हा ही चूक व्हायला जागा मिळते.

झोपेच्या किंवा घबराटीच्या गोळ्या हळूहळू कमी करत आणलेले पेशंट असतील तर त्यांना मात्र यादीत टाकून मोकळ्या होऊ नका. त्यांना पार्टनरसमोर बसवून तिघांनी बोला. नाहीतर पहिल्या मंगळवारी तो पेशंट "मॅडम देतात" म्हणून जुना डोस मागणार आणि पार्टनर देणार.

काउंटरवरून

मी रिसेप्शनला आहे, डॉक्टर नाही, पण हे सगळं शेवटी आमच्या गळ्यात येतं म्हणून लिहिते. मॅडम, मंगळवारी संध्याकाळी फोन येणार, "मॅडम आहेत का?" मी "नाही" म्हणाले तर पुढचा प्रश्न "मग कधी?" आणि त्याच्यापुढचा "मला आत्ता छातीत दुखतंय, काय करू?" या तिसऱ्या प्रश्नाला काय सांगायचं ते लिहून द्या. आमच्याकडे एका डॉक्टरांनी दिवस कमी केले तेव्हा दारावर पाटी लावली, पण आधी दिलेल्या अपॉइंटमेंट तशाच राहिल्या. पुढच्या तारखा वहीत ज्या दिवशी लिहिल्या जातात त्याच दिवसापासून नवे वार चालू करावे लागतात. तीन-तीन महिन्यांनी येणारे लोक असतात, त्यांनी पाटी वाचलेलीच नसते. आणि लॅबवाले रिपोर्ट मॅडमच्या फोनवर पाठवतात, क्लिनिकला येतच नाहीत. लोक आम्हाला विचारतात, आम्ही काय सांगणार?

दातांची कथा

मी डेंटिस्ट. माझ्या पार्टनरने दिवस कमी केले तेव्हा तिचे तारा लावलेले पेशंट माझ्याकडे आले. पूर्ण उपचाराचे पैसे आधीच घेतलेले, उरलेलं काम माझं. तुमच्याकडे पॅकेज वगैरे नसेल तर सोपं आहे. तरी हिशेब पत्रातच लिहा, मैत्री टिकते.

करारनामा काका

@केसपेपर, मान्य, मी फक्त कागदाच्या बाजूने बोललो. पण डॉक्टर, क्लिनिकची माहिती पत्रात आणि पेशंटची माहिती वेगळ्या कागदावर ठेवा. वाद झालाच तर हे पत्र दहा जणांच्या हातात फिरेल, त्यात कुणाच्या आजाराचं नाव नको.

संध्याकाळची ओपीडी

हे फारच उपयोगी. पत्र पुन्हा लिहिलं. आम्ही कॉलेजपासून अरे-तुरे करतो, म्हणून सूर तोच ठेवलाय.

"पुढच्या तिमाहीच्या पहिल्या तारखेपासून मी सोमवार, बुधवार आणि शुक्रवार संध्याकाळ बसेन. मंगळवार, गुरुवार, शनिवार संध्याकाळ तू घेणार, दुसरं कुणी बसवायचं की बंद ठेवायची, हे आपण महिनाअखेरपर्यंत ठरवू. ते ठरेपर्यंत पेशंटना काही सांगणार नाही. ठरल्यावर दोघांच्या नावाने एकच सूचना लावू, पण वहीत नव्या तारखा आजपासून माझ्या तीन वारांच्याच देऊ.

ज्यांच्या औषधाला नियमित तपासणी लागते किंवा ज्यांचं काही अर्धवट आहे, त्यांची यादी स्वतंत्र देते. प्रत्येकासाठी एक पान, त्यात काय करायचं नाही तेही लिहिलंय. आपण ती एकत्र बसून वाचू. वाचल्यावर तू आपल्या शब्दांत परत सांगशील आणि मग सही करशील. मी मागवलेला रिपोर्ट तू घेतला असं लिहीपर्यंत माझाच. लॅबला क्लिनिकचा नंबर आजच देतेय. माझ्या सुट्टीच्या दिवशी अत्यवस्थ पेशंटने थेट जवळच्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीला जायचं, हे काउंटरवर लिहून ठेवतेय."

@काउंटरवरून, शेवटची ओळ तुमची. "मी फोनवर आहेच" काढून टाकलंय, पण पार्टनरला एखाद्या पेशंटबद्दल विचारायचं असेल तर फोन नको कसं म्हणू?

केसपेपर

पार्टनरने फोन करावा, पेशंटने नाही. "परत सांगशील" हे चांगलं केलंत. ऐकणाऱ्याने स्वतः सांगितलं की वॉर्फरिनवाल्या बाईंचं गाडं कुठे अडतंय ते तिथेच उघड होतं. पण यादी एका बैठकीत संपवू नका. पाचव्या पानानंतर माणूस मान डोलावू लागतो.

एका गोष्टीला मी हरकत घेईन. त्याचं उत्तर येईपर्यंत कुणालाच सांगणार नाही म्हणता, पण वहीत मंगळवारच्या तारखा द्यायच्या बंद केल्या की पेशंट काउंटरवर कारण विचारणारच. आणि झोपेच्या गोळ्या कमी करत आणलेल्या पेशंटला तुमच्या तोंडून आधी कळायला हवं.

संध्याकाळची ओपीडी

तिथेच माझं अडतंय. त्याच्याआधी पेशंटला सांगितलं तर तो म्हणेल, मला विचारण्याआधीच पेशंट तयार करून ठेवलेस. आणि भाड्याचा निम्मा वाटा तसाच ठेवायचा की सेशनच्या प्रमाणात, हेही मी पत्रात घातलेलं नाही.

करारनामा काका

भाडं घाला. तुम्ही आकडा लिहिला नाहीत तर तो लिहील, आणि तुम्हाला तो आवडणार नाही.

दातांची कथा

आमचं भाडं अजून निम्मं-निम्मंच आहे. दर वर्षी त्यावर बोलायचं ठरतं.