नोटीस पीरियड बायोडाट्यात वरच लिहावा की फोनवर सांगावा?

दारव्ह्याचा गडी
बुटीबोरी एमआयडीसीत क्वालिटीला आहे. नियुक्तीपत्रात ६० दिवसांची नोटीस आहे, राजीनामा अजून दिला नाही. चाकणकडे अर्ज करतोय. किती दिवसांत रुजू होऊ शकतो हे बायोडाट्यात कसं लिहू? मित्र म्हणतात, ‘इमिजिएट जॉइनर’ टाकून दे.

वणीकर
टाक ना बा! ६० दिवस दिसले की एचआरवाला पुढचा बायोडाटा उघडतो. आधी इंटरव्ह्यू तर होऊ दे, मग बोलता येते.

भरतीवाली ताई, नागपूर
वणीकर भाऊ, पहिलं वाक्य खरं आहे. नोकरीच्या साइटवर आम्ही नोटीस पीरियडची चाळणी लावतो. जागा महिन्यात भरायची असेल तर दोन महिनेवाले यादीत येतच नाहीत. पण पहिल्याच फोनवर आम्ही विचारतो, “राजीनामा दिला का? शेवटचा दिवस कोणता?” तिथं ‘इमिजिएट’ कोसळतं, आणि मग बायोडाट्यातल्या बाकी गोष्टींवरही शंका येते.

दारव्ह्याच्या भाऊ, राजीनामा दिला नसेल तर तारीख लिहूच नका. ऑफर कधी येईल ठाऊक नाही, आणि महिनाभरानं तोच बायोडाटा उघडला तर तारीख शिळी झालेली असते. नाव-फोनच्या खाली, पहिल्या स्क्रीनवर दिसेल अशी एकच ओळ ठेवा:

“नोटीस: ६० दिवस (राजीनामा दिलेला नाही). ऑफर लेटरनंतर ६० दिवसांत रुजू. सध्या बुटीबोरी, चाकणला यायची तयारी.”

राजीनामा दिल्यावर ओळ बदला. दिवस काढून टाका, तारीख घाला: “नोटीसवर आहे, शेवटचा दिवस ३० ऑक्टोबर.” ही तारीख स्वतः मोजू नका. १ सप्टेंबरला राजीनामा दिला आणि तो दिवस धरला तर ६० दिवस ३० ऑक्टोबरला भरतात, दुसऱ्या दिवसापासून मोजले तर ३१ ला. कंपनीच्या स्वीकृतीच्या मेलमध्ये असेल तीच तारीख लिहा. त्याच दिवशी साइटवरचा रकानाही बदला. तिथं ‘दोन महिने’ आणि बायोडाट्यात तारीख असं दिसलं, तर कोणतं धरायचं हे आम्हाला कळत नाही.

पुसदकर काका
पोरा, नोटीस दिली म्हणजे कामावरून काढतायत का? युनियन असेल तर आधी तिकडं जा. एकट्यानं सही करू नको.

दारव्ह्याचा गडी
नाही काका, कोणी काढत नाहीये, मीच सोडणार आहे.

ताई, आणखी एक. शेवटच्या दिवसानंतर आठवडाभर घरी थांबायचं आहे. तेव्हा कापूस वेचणीला मजूर भेटत नाहीत.

भरतीवाली ताई, नागपूर
मग दोन तारखा होतात. “शेवटचा दिवस ३० ऑक्टोबर, ९ नोव्हेंबरपासून रुजू.” कारण लिहायची गरज नाही. पहिली तारीख तुमच्या कंपनीची, दुसरी तुमच्या हातातली. आम्ही दुसरीच पाहतो.

आर्वीची मी
वर सगळ्यांनी नोटीस म्हणजे पक्का आकडा धरलाय. मी ‘निगोशिएबल’ लिहिलं होतं. नव्या कंपनीला पंधरा दिवसांत माणूस हवा होता, जुनी कंपनी पूर्ण नोटीस भरल्याशिवाय रिलीव्हिंग लेटर देईना. ते नाही म्हणून ऑफर गेली. माझं म्हणणं, तो शब्द बायोडाट्यात नकोच.

वणीकर
ताई, पैसे भरून सुटता येते ना! बायआउट म्हणतात त्याला. दोन महिन्यांचा पगार फेकला की मोकळं.

भरतीवाली ताई, नागपूर
प्रत्येक ठिकाणी नाही. पत्रात “नोटीस किंवा तिच्याबदली पगार” असं असेल तर मार्ग आहे. रक्कम मूळ पगारावर की एकूण पगारावर, हेही त्याच कलमात पाहायचं. समजा मूळ पगार १४,००० आणि एकूण २४,००० आहे, तर ३० दिवस आधी सुटायला एका वाचनात १४,००० लागतात, दुसऱ्यात २४,०००. नवी कंपनी ते भरून देईल का, हे मात्र ऑफरच्या वेळी बोलायचं. पत्र पाहिल्याशिवाय ‘निगोशिएबल’ लिहू नये, इथं आर्वीच्या ताईंचं पटतं. पत्रात मुभा असेल तर “बायआउट केल्यास ३० दिवस” लिहायला माझी हरकत नाही.

आर्वीची मी
माझी आहे. ‘३० दिवस’ दिसले की लोक तेवढंच वाचतात, ‘केल्यास’ कोणी वाचत नाही.

दारव्ह्याचा गडी
पत्र काढून पाहिलं. लिहिलंय: “६० दिवसांची नोटीस किंवा मूळ पगार, व्यवस्थापनाच्या संमतीने.”

भरतीवाली ताई, नागपूर
मग संमती मेलवर येईपर्यंत ३० चा उल्लेखच नको. ६० च लिहा. फोनवर विचारलं तर सांगा, “लवकर सोडतील का ते विचारावं लागेल.”

वणीकर
म्हणजे चाकणच्या महिन्याभरात भरायच्या जागा गेल्याच याच्या हातून.

भरतीवाली ताई, नागपूर
त्या गेल्याच, भाऊ. ‘इमिजिएट’ लिहून त्या मिळाल्या असत्या असंही नाही.