शब्दचर्चा: उसळी, सरासरी आणि बोथटपणा

कोशकीडा
फूरिये श्रेणीवरच्या एका टिपणाचं मराठी करताना पुढच्या वाक्याशी अडलो आहे: ‘चौरस तरंगाच्या आंशिक बेरजांची सरासरी घेतली की कडेजवळचा ओव्हरशूट दबतो, पण शार्पनेस जातो, म्हणून हे स्मूदिंग जपून करावं.’ ओव्हरशूटला ‘अतिरेक’, स्मूदिंगला ‘गुळगुळीतीकरण’ आणि शार्पनेसला ‘तीक्ष्णता’ असं तूर्त लिहिलं आहे. तिन्ही कानाला खटकतात. टिपण बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षासाठी आहे.

तबकडी
ओव्हरशूट म्हणजे ‘उसळी’. सिंथेसायझरवर चौरस तरंग काढला की दर कडेला हे शिंग दिसतं. पण त्यासाठी सरासरी कशाला? पदं वाढवा. दहाऐवजी शंभर घेतली की उसळी नाहीशी होते. एकूण असते तरी किती, १८ टक्के.

अर्धज्या
उसळी शब्द चांगला, बाकीचं अर्धंच बरोबर आहे. पदं वाढवली की उसळी अरुंद होते आणि कडेकडे सरकते, उंची मात्र घटत नाही. −१ आणि +१ मध्ये उड्या मारणारा तरंग घ्या. १९ व्या हार्मोनिकपर्यंतची दहा विषम पदं मिळवली तर बेरीज ९ अंशांवर १.१८ ला पोचते. शंभर पदांना ती ०.९ अंशावर पोचते, पण उंची तीच १.१८. शिंग इतकं बारीक होतं की पडद्यावर दिसेनासं होतं, म्हणून गेल्यासारखं वाटतं.

टक्क्यांचंही सांगून टाकते. १८ टक्के हे वरच्या पातळीच्या, म्हणजे १ च्या मानाने. उडी −१ पासून +१ पर्यंत, म्हणजे २ ची आहे. तिच्या मानाने ९ टक्के. पुस्तकांत बहुधा हा दुसरा आकडा असतो. टिपणात ‘कशाच्या किती’ हे लिहिलं नाही तर मुलं दोन पुस्तकं समोर ठेवून भांडतील.

कोशकीडा
‘अतिरेक’ गेला. ‘उसळी’ घेतो. ‘गुळगुळीतीकरण’ तरी ठेवू का?

अर्धज्या
माझ्या मते तोच सगळ्यात चुकीचा शब्द आहे. दहा साइन मिळवल्यावर जी वक्ररेषा येते ती आधीच गुळगुळीत असते. तिला कुठे कोपरा नाही, कुठे तडा नाही, हवे तितक्या वेळा विकलन करा. खडबडीत असेल त्याला गुळगुळीत करावं. ही रेषा खडबडीत नाही, ती डोलते आहे. डोलणं कमी करायचं तर मराठीत ‘शमवणे’ आहे, ‘निववणे’ आहे. मी ‘तरंग शमवणे’ लिहीन.

पडदेवाला
ऑसिलोस्कोपवर चौरस तरंगाच्या कडेला असंच टोक येतं. सरासरीचं बटण दाबून १२८ वर ठेवलं तरी ते जात नाही, फक्त रेष बारीक होते. म्हणजे सरासरीने उसळी दबते हे वाक्यच मुळात चूक नाही का?

अर्धज्या
तुमची सरासरी वेगळी आहे, आणि उसळीही बहुधा वेगळी आहे. स्कोप तोच तरंग १२८ वेळा टिपून त्यांची सरासरी काढतो. त्यात यादृच्छिक गोंगाट मरतो; दर वेळी त्याच जागी येणारं टोक का मरेल? शिवाय त्या टोकाचं कारण बरेचदा प्रोबची भरपाई नीट न जुळवणं हे असतं. प्रोबवरचा छोटा स्क्रू फिरवून टोक कमी होत असेल तर त्याचा या श्रेणीशी संबंध नाही. आणखी एक खूण: सर्किटातली उसळी कडेच्या नंतरच येते. छाटलेल्या श्रेणीची कडेच्या दोन्ही बाजूंना सारखी असते, कारण तिला काळ पुढे की मागे हे माहीतच नाही.

पण तुमच्या प्रश्नाने खरी अडचण उघडी पडली. कोशकीडा, तुमच्या वाक्यातला ‘सरासरी’ हाच शब्द मोघम आहे. इथे दोन सरासऱ्या संभवतात. पहिली बेरजांची: शून्याव्या बेरजेपासून एकोणिसाव्या हार्मोनिकपर्यंतच्या वीस आंशिक बेरजा घ्या, प्रत्येक x पाशी मिळवा, वीसने भागा. दुसरी लगतची: शेवटची एकच बेरीज घ्या आणि प्रत्येक बिंदूपाशी तिच्या आजूबाजूच्या १८ अंशांच्या पट्ट्यावर सरासरी काढा. पहिली फेयेरची, १९०० सालची. दुसरी लांत्सोशची. (दोघेही हंगेरियन. ‘फेजर’ आणि ‘लँक्झोस’ असं कृपया लिहू नका.)

कोशकीडा
१८ च अंश का?

अर्धज्या
कारण दहा पदांच्या बेरजेत एक तरंग शिखरापासून शिखरापर्यंत बरोबर १८ अंशांचा असतो. शिखरं ९, २७, ४५ वर, दऱ्या १८, ३६, ५४ वर. पट्टा पूर्ण एका तरंगाएवढा ठेवला की वर गेलेलं आणि खाली गेलेलं एकमेकांत जिरतं. पट्टा १२ अंशांचा केला तर काही तरंग उरतो, ३० चा केला तर विनाकारण पसरतो.

हातात मात्र दोन्ही पद्धतींत एकच काम असतं: प्रत्येक पदाला एक वजन लावायचं.

```python
import numpy as np
x = np.radians([9, 18, 90])
k = np.arange(1, 20, 2)
w = 1 - k/20          # फेयेर
# w = np.sinc(k/20)   # लांत्सोश
y = (np.sin(np.outer(x, k)) * w / k).sum(axis=1)
print(4/np.pi * y)
```

`np.sinc` मध्ये π आधीच आहे. पुस्तकातलं सूत्र पाहून `np.sinc(np.pi*k/20)` लिहिलं तर सातव्या हार्मोनिकचं वजन ऋण होतं आणि आकृती भलतीच येते. उत्तर विचित्र दिसलं तर आधी वजनं छापून पाहा: पहिल्यापासून शेवटपर्यंत ती घटत गेली पाहिजेत आणि एकही ऋण नसलं पाहिजे.

तबकडी
मी दहा बेरजा घेतल्या, एक पद, दोन पदं, असं दहापर्यंत, आणि दहाने भागलं. ९० अंशांवर १.०१७ येतंय. फेयेरची सरासरी १ ओलांडत नाही ना?

अर्धज्या
ओलांडत नाही. तुमची फेयेरची नाही एवढंच. सम हार्मोनिक शून्य असले तरी मोजणीत धरावे लागतात. त्यामुळे एका पदाची बेरीज दोनदा येते, दोन पदांचीही दोनदा, शेवटची दहा पदांची मात्र एकदाच, आणि सुरुवातीची कोरी शून्य बेरीजही एकदा. वजनं ०.९५, ०.८५ अशी ०.०५ पर्यंत उतरतात. तुमची १, ०.९ अशी ०.१ पर्यंत उतरली, म्हणजे प्रत्येक वजन ०.०५ ने जास्त. तुम्ही फेयेरच्या सरासरीत मूळ उसळणाऱ्या बेरजेचा विसावा हिस्सा मिसळलात. ०.९६८ मध्ये त्याचाच विसावा भाग मिळवा, १.०१७ येईल.

तबकडी
आलं. पण मग खऱ्या फेयेरला ९० वर ०.९६८ च? पातळी १ ची आहे, आणि तीही अगदी मध्यावर, कडेपासून सगळ्यात लांब.

अर्धज्या
हो, आणि हाच फेयेरचा खर्च. चौरस तरंगापुरतं एक सुंदर चित्र आहे: मूळ बेरजेतून फेयेरची सरासरी वजा केली तर उरतं ते sin²(10x) ला sin x ने भागून एका धन स्थिरांकाने गुणलेलं. अर्ध्या आवर्तात हे कधीच ऋण होत नाही, आणि प्रत्येक दरीशी बरोबर शून्य होतं. म्हणजे फेयेरची रेषा मूळ बेरजेच्या खालून जाते आणि तिच्या प्रत्येक दरीच्या तळाला टेकते. शिखरं कापून दऱ्या भरलेल्या नाहीत, तळातळांतून दोरी ओढली आहे. ९० अंशांवर दरी आहे, म्हणून मूळ बेरीजही ०.९६८ आणि सरासरीही ०.९६८.

उलट बाजूने पाहिलं तर उसळी का नाही तेही कळतं. फेयेरच्या रेषेवरचा प्रत्येक बिंदू म्हणजे मूळ चौरस तरंगाच्या किमतींचीच सरासरी, आणि तिच्यातलं एकही वजन ऋण नाही. −१ आणि +१ यांची अशी सरासरी १ च्या वर जाईल कशी? साध्या आंशिक बेरजेत मात्र काही वजनं ऋण असतात, म्हणून ती वर निसटते. लांत्सोशमध्येही थोडी ऋण उरतात, म्हणून तिथे साधारण १५ अंशांवर १.०२ ची बारीक उसळी राहते.

कोशकीडा
आता ‘तीक्ष्णता’. नेमकं जातं काय?

अर्धज्या
कड शून्यावरून निघून ०.९ ला कधी पोचते ते पाहा. साधी बेरीज ४.७ अंशांच्या आसपास, लांत्सोश ९ च्या आसपास, फेयेर १८ च्या आसपास. दर पायरीला जवळजवळ दुप्पट. गंमत म्हणजे शून्यापाशी फेयेरचा चढ मूळच्या निम्मा आणि लांत्सोशचा सुमारे ५९ टक्के, म्हणजे सुरुवातीला दोघांत फार फरक नाही. फेयेर खरा मागे पडतो तो वरच्या टप्प्यात: पातळीजवळ येऊन रेंगाळतो. तेव्हा ‘तीक्ष्णता’ नको. कड उभी होती, ती कलली आणि पसरली.

बाराखडी
इथे मराठी इंग्रजीपेक्षा श्रीमंत आहे. सुरीला धार असते, सुईला टोक असतं. धार जाणं वेगळं, टोक मोडणं वेगळं. चौरस तरंगाची धार जाते. पण त्रिकोणी तरंग घेतला तर टोक झिजेल, नाही का?

अर्धज्या
नेमकं. शिवाय त्रिकोणी तरंगात शमवायला उसळीच नसते, त्यामुळे तिथे निव्वळ तोटा. दहा विषम पदांत साधी बेरीज टोकापाशी ०.९८ ला पोचते. फेयेरची वजनं लावली तर ०.८९. म्हणून आधी उडी आहे का ते पाहावं.

बाराखडी
मग शार्पनेसला एकच शब्द शोधूच नये. चौरसाला ‘धार बोथटते’, त्रिकोणाला ‘टोक झिजतं’. ‘उसळी’बद्दल मात्र माझी तक्रार आहे. शेअर बाजाराने तो शब्द चांगल्या अर्थाने खाऊन टाकला. शिवाय उसळी म्हटलं की काळ आला, आधी कड मग उसळी. अर्धज्या म्हणतात तसं हे दोन्ही बाजूंना आहे. मग तबकडींचं ‘शिंग’च का नको? शिंगं दोन असतात.

अर्धज्या
शिंग पहिल्या शिखराला शोभतं, पुढच्या तरंगांना नाही. आणि ‘शिंग शमवणे’ कसंसंच वाटतं.

पडदेवाला
शिंगं कापतात. आणि कापण्यासारखं इथे काही होत नाही, हे वर दोरीच्या उदाहरणात आलंच. तेव्हा उसळी.

बाराखडी
मला नाही पटलं.

कोशकीडा
वाक्य असं केलं आहे: ‘चौरस तरंगाच्या आंशिक बेरजांची फेयेर पद्धतीने सरासरी घेतली की कडेजवळची उसळी शमते, पण धार बोथटते आणि रेषा पातळीला उशिरा पोचते.’ ‘जपून करावं’ गाळलं, त्याऐवजी ४.७, ९ आणि १८ अंश समासात दिले आहेत. ‘उसळी’खाली ‘किंवा शिंग’ अशी टीप ठेवतो.

अर्धज्या
‘उशिरा पोचते’ नको, दहा पदांत ती १ ला पोचतच नाही. ‘पातळीच्या खालीच राहते’ करा.