स्मृतिभ्रंश झालेल्या घरच्या माणसासाठी जुनी गाणी: तुमचे अनुभव लिहा

सांजसकाळ: सासूबाई ८५ वर्षांच्या. संध्याकाळचे पाच वाजले की "मला घरी जायचंय" म्हणत दाराशी उभ्या राहतात. एकदा गीतरामायण लावलं, तर खुर्चीत बसून शब्दन्‌शब्द म्हणू लागल्या. त्यांना माझं नाव आठवत नाही! १९५५ साली पुणे आकाशवाणीवर ते सुरू झालं तेव्हा त्या शाळेत होत्या. पण रोज असं जमत नाही. तुम्ही काय लावता, कधी लावता?

गोदाकाठ: भक्तिगीतं लावा. सगळ्यांनाच शांत वाटतं. आमचे आजोबा अभंग ऐकले की दिवसभर चिडत नाहीत.

गिरणगाव: सगळ्यांना नाही हो. माझे वडील गिरणी कामगार, देवधर्माचे नव्हते. अभंग लावले की "कोण गेलं?" विचारून घाबरायचे. त्यांना शाहिरी आणि लावण्या हव्या असत. साधारण दहा ते पंचवीस या वयात ऐकलेलं सर्वांत पक्कं राहतं, म्हणून मी आत्याला विचारून यादी केली.

सांजसकाळ, तुम्ही पाचला लावत असाल तर उशीर होतोय. अस्वस्थपणा चढला की गाणंही गोंगाटच वाटतो. साडेचारलाच लावा, टीव्ही बंद करून, हळू आवाजात. गाणी आधी उतरवून घ्या, कारण मध्येच जाहिरात किंचाळली की वडील दचकून उठत आणि पुन्हा बसतच नसत. मूळ गायकाचीच लावा, नव्या ठेक्यावरची त्यांना ओळखू येत नाहीत. कपाळाला आठ्या पडल्या, पदर किंवा चादर चुरगाळू लागल्या, तोंड फिरवलं, की लगेच बंद करा. वीस-पंचवीस मिनिटं पुष्कळ झाली.

नीलमोहर: आईला रोज ऐकवलं तर स्मरणशक्ती परत येईल का?

गिरणगाव: नाही, ताई. वडिलांचा आजार पुढे सरकतच राहिला. पण गाण्याच्या नादात शर्टाच्या बाह्या चढवू द्यायचे, एरवी हात झटकत.

माणदेशी: आजीला ऐकायला कमी येतं, स्पीकरचं सगळं एकात एक मिसळतं. कानातलं यंत्र काढून टाकते. तिच्या जात्यावरच्या ओव्या कुठे रेकॉर्ड केलेल्या नाहीत, म्हणून मीच समोर बसून, तोंड दिसेल असं, खालच्या पट्टीत सावकाश म्हणते. पहिली ओळ मी म्हणते आणि थांबते. दुसरी ती म्हणते. आंघोळीला न्यायचं ते त्या ओव्यांतच.

सांजसकाळ: साडेचारला लावून बघितलं, चार दिवसांत तीनदा दाराकडे गेल्या नाहीत. पण एका गाण्याला डोळ्यांतून पाणी येतं, तरी गात राहतात. ते यादीतून काढू का?

गोदाकाठ: काढा. म्हाताऱ्या माणसाला कशाला रडवायचं?

गिरणगाव: मी काढलं नसतं. गाणं संपल्यावर त्या कशा असतात ते पाहा. हात धरून बसल्यावर निवळत असतील तर राहू द्या. पुढचा तासभर कासावीस राहत असतील तर मात्र काढा.

माणदेशी: आजी माहेरच्या ओवीला रडते. मी अजून ठरवू शकले नाही.